पाहुण्यांना नाणेफेक द्या

बडोद्याचे माझे आतेभाऊ बाळदादा आणि इंदूरचा मी, घरच्या मैदानाचा फायदा किती हा आमचा वाद १९४५-४६ सालापासूनचा आहे. आम्ही दोघेही तेव्हा जन्मलो नव्हतो, पण वाद वडिलोपार्जित आहे. त्या मोसमात रणजी करंडकाचा अंतिम सामना इंदूरला झाला आणि आमच्या होळकर संघाने बडोद्याला ५६ धावांनी हरवलं. पुढच्याच मोसमात हेच दोन संघ अंतिम सामन्यात पुन्हा भेटले, या वेळी बडोद्यात. होळकरांचा पहिला डाव २०२ वर आटोपला. मग विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या विकेटसाठी ५७७ धावांची भागी केली, बडोद्याने ७८४ धावा उभारल्या आणि आम्ही एक डाव ४०९ धावांनी हरलो.

बाळदादांचं म्हणणं, "यात मोजायचं काय? तुम्ही तुमच्या अंगणात जिंकलात, आम्ही आमच्या. घरच्या मैदानाचा फायदा दुसरा कसा असतो?"

गंमत म्हणजे हे त्यांचं पोरकट वाटणारं उत्तर पद्धत म्हणून चुकीचं नाही. घरच्या मैदानाचा फायदा मोजायचा तर तेच दोन संघ एकदा इथे आणि एकदा तिथे खेळायला हवेत, म्हणजे कोण किती बलवान हा भाग वजा होतो. घरचा फरक आणि बाहेरचा फरक यांच्यातलं अंतर काढायचं आणि निम्मं करायचं. होळकरांचं गणित मांडू. घरी अधिक ५६, बाहेर किमान उणे ४०९; अंतर ४६५, निम्मे २३२. म्हणजे घरच्या मैदानाची किंमत सव्वादोनशे धावा! हे कोणालाच पटणार नाही. हजारे किंवा गुल महंमद दहा धावांवर झेल देऊन परतले असते तर हाच आकडा कुठल्या कुठे गेला असता. पद्धत बरोबर, पण दोन सामन्यांवर तिचं ओझं टाकलं की ती कोसळते.

मी बँकेत जन्मभर खाती जुळवली आणि सुट्टीच्या दिवशी इंदूरच्या स्थानिक सामन्यांचं स्कोअरबुक भरलं. त्यामुळे दर हिवाळ्यात रणजीची बाद फेरी जवळ आली की सुरू होणारी चर्चा मला सोसवत नाही. एक बाजू म्हणते, घरच्या मैदानावर यजमान हवी तशी खेळपट्टी बनवतात, म्हणून सगळं तटस्थ मैदानावर न्या. दुसरी म्हणते, गटात वर येऊन आम्ही घरचा सामना कमावलाय, आमचे प्रेक्षक आमच्यासमोर हवेत. दोघेही 'घरचा फायदा' हा एकच शब्द वापरतात. त्याच्या पोटात निदान चार वेगळ्या गोष्टी आहेत: प्रेक्षक, प्रवासाचा शीण, पंचाचा कल आणि मैदान स्वतः. रोग कोणता हे न पाहता औषध ठरवायचं, असा हा प्रकार आहे.

आधी प्रेक्षक आणि प्रवास वेगळे करू, कारण नेहमीच्या सामन्यात ते कायम एकत्र येतात. जो संघ प्रवास करून येतो, त्याच्याच विरोधात स्टेडियम ओरडत असतं. नुसते निकाल कितीही मोसमांचे जमवले तरी ही गाठ सुटत नाही. त्यासाठी असे सामने लागतात, ज्यांत दोघांपैकी एकच हजर असेल. फुटबॉलला असे सामने मिळाले आहेत, म्हणून थोडा वेळ तिकडे जाऊ.

मिलान शहरातले दोन मोठे क्लब, इंटर आणि एसी मिलान, सान सिरो या एकाच स्टेडियममध्ये खेळतात. आपसातल्या सामन्यात एकदा एक यजमान, एकदा दुसरा. प्रवास कोणालाच नाही, गवत दोघांच्याही ओळखीचं. बदलतं ते एकच: यजमान क्लबचे मोसमी तिकिटवाले बहुसंख्य असतात. इटलीतल्या अशा एकाच मैदानावरच्या शहरी लढतींचा अभ्यास झाला आहे, आणि त्यांतही यजमानाचं पारडं स्पष्ट जड निघालं. इथे प्रेक्षक आहेत पण प्रवास नाही, आणि तरी फायदा आहे.

याच्या उलट बाजू कोविडने दाखवली. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये वीस संघ एकमेकांशी घरी आणि बाहेर खेळतात, म्हणजे मोसमाला ३८० सामने, आणि बाळदादांची वजाबाकी आपोआप होते. २०१८-१९ मध्ये यजमानांनी १८१ सामने जिंकले, पाहुण्यांनी १२८. वाटलेल्या एकूण गुणांपैकी यजमानांकडे सुमारे ५७ टक्के गेले. २०२०-२१ चा मोसम, अगदी थोडे सामने सोडले तर, रिकाम्या खुर्च्यांसमोर झाला. त्यात यजमान १४४ सामने जिंकले आणि पाहुणे १५३. गुणांत यजमानांचा वाटा ४९ टक्क्यांच्या आत आला. प्रेक्षक परतल्यावर, २०२२-२३ मध्ये, यजमानांचे विजय १८४ आणि पाहुण्यांचे १०९. वाटा जवळपास ६१ टक्के. ३८० सामन्यांच्या मोसमात नुसत्या नशिबाने हा वाटा दोन-अडीच टक्के इकडेतिकडे होतो, हे मान्य. पण आठ टक्के खाली आणि मग बारा टक्के वर, हे नशिबाचं काम दिसत नाही. रिकाम्या मोसमातही पाहुण्या संघाची बस होतीच, हॉटेलची खोली होती, परकं मैदान होतं. प्रवास जागच्या जागी राहिला आणि फायदा मात्र पुसला गेला.

म्हणून लगेच 'प्रवासाने काही होत नाही' असं म्हणू नये. इंग्लंड हा एका दिवसात आडवा-उभा पार होणारा देश आहे. अमेरिकेत बेसबॉलच्या १९९२ ते २०११ या वीस मोसमांचा अभ्यास झाला, तेव्हा दोन-तीन तासांचा घड्याळी फरक ओलांडून आलेल्या संघांवर, विशेषतः पूर्वेकडे प्रवास केलेल्यांवर, परिणाम दिसला. त्यातली लक्षात राहण्यासारखी गोष्ट ही की दौरा संपवून नुकताच घरी परतलेला यजमान संघही सुस्तावलेला असतो. शीण पाहुण्यांचीच मक्तेदारी नाही. याचा रणजीत उपयोग होईल, तो पुढे सांगतो.

आता पंच. लोक प्रेक्षक आणि पंच असे दोन रकाने करतात आणि एकाला इतके टक्के, दुसऱ्याला इतके असं वाटप करू पाहतात. माझा याला आक्षेप आहे, कारण हे रकाने शेजारीशेजारी नाहीत, एकामागे एक आहेत. प्रेक्षकांचा आरडाओरडा खेळाडूच्या पायात किती उतरतो कोण जाणे, पण पंचाच्या शिट्टीत तो उतरतो हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. फेब्रुवारी २००७ मध्ये इटलीत कातानिया इथे सामन्याच्या वेळी दंगल होऊन एक पोलीस अधिकारी मृत्युमुखी पडला. त्यानंतर ज्या स्टेडियमची सुरक्षा अपुरी होती तिथले सामने बंद दाराआड खेळवले गेले. असे २१ सामने दोन स्वीडिश अर्थशास्त्रज्ञांनी तपासले. खेळाडूंच्या स्वतःच्या खेळात प्रेक्षकांमुळे फरक सापडला नाही. पंचांत सापडला: प्रेक्षक असताना ते पाहुण्यांना जास्त कडक शिक्षा करत आणि यजमानांना सांभाळून घेत. २१ हा आकडा फार लहान, म्हणून मी त्यावर घर बांधलं नसतं. पण कोविडच्या काळात सतरा देशांतल्या तेवीस लीगचे ६,४८१ सामने तपासले गेले, तेव्हा तीच दिशा निघाली. प्रेक्षक नसताना पाहुण्या संघाला सामन्यामागे सुमारे एक तृतीयांश पिवळं कार्ड कमी मिळालं, म्हणजे तीन सामन्यांत एक कार्ड वाचलं. त्याच अभ्यासात अंतिम निकालावरचा परिणाम मात्र ठाम निघाला नाही. माझ्या मते हे दोन्ही एकत्र वाचायला हवं. शिट्टीवरचा परिणाम सगळीकडे दिसतो. निकालावरचा काही लीगमध्ये ढळढळीत आहे, काही ठिकाणी विरून जातो.

बाळदादा इथे म्हणाले, "हे सगळं फुटबॉल झालं. आपल्याकडे पिवळं कार्ड नाही."

आपल्याकडे पायचीत आहे. क्रिकेटमध्ये पंचाच्या मर्जीवर सर्वात जास्त सोडलेला निर्णय तोच. त्रिफळा उडाला की पंचाला विचारावं लागत नाही, झेल बहुतेक वेळा सगळ्यांना दिसतो, पण चेंडू यष्टींवर गेला असता की नाही हा अंदाज असतो. म्हणून पंचाचा कल पाहायचा तर विजय-पराजय मोजू नयेत, पायचीत मोजावेत.

पण त्यातही एक खड्डा आहे. परक्या खेळपट्टीवर पाहुणे फलंदाज खरोखरच जास्त पायचीत होतात. इंग्लंडहून आलेला फलंदाज इंदूरच्या काळ्या मातीवर फिरकीपुढे पॅड पुढे करणार, चेंडू पॅडवर आदळणार आणि तो आउटच असणार. पाहुण्यांचे पायचीत जास्त दिसले म्हणजे पंच लबाड, असं ठरत नाही. मग काय करायचं? खेळपट्टी तीच ठेवून पंच बदलायचे. हे कोणी मुद्दाम प्रयोग म्हणून केलं नाही, पण इतिहासाने केलं. १९८६ मध्ये पाकिस्तान–वेस्ट इंडीज मालिकेतल्या लाहोर कसोटीत व्ही. के. रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर हे दोन भारतीय पंच उभे राहिले. पाकिस्तानात भारतीय पंच, आणि तक्रार नाही, ही आज स्वप्नवत वाटणारी गोष्ट. १९९४ पासून कसोटीत एक पंच तटस्थ देशाचा झाला, २००२ पासून दोन्ही. मैदानं, खेळपट्ट्या, प्रेक्षक, विमानं, सगळं राहिलं. पंच तेवढे बदलले.

१९८६ ते २०१२ या काळातल्या हजार कसोटींचा हिशेब ब्रिटिश अभ्यासकांनी केला. दोन्ही पंच यजमान देशाचे होते तेव्हा पाहुणे यजमानांपेक्षा सुमारे १६ टक्के जास्त वेळा पायचीत दिले गेले. एक तटस्थ आला तेव्हा हा फरक १० टक्क्यांवर उतरला. दोन्ही तटस्थ झाल्यावर उरलाच नाही. काळ्या मातीवर फसणारा पाहुणा फलंदाज तिन्ही काळांत होता, तेव्हा जो फरक नाहीसा झाला तो मातीचा नव्हता. यात माणसं अप्रामाणिक होती असंही सिद्ध होत नाही. भरलेल्या मैदानात पन्नास हजार लोक एकदम ओरडतात आणि निर्णय दोन सेकंदांत द्यायचा असतो. नंतर त्याच गावात, त्याच माणसांत राहायचंही असतं.

इथवर आलो की रणजीकडे पाहण्याची नजर बदलते. रणजी सामन्याला प्रेक्षक कुठे असतात? इंदूरच्या होळकर स्टेडियमवर चार दिवसांच्या सामन्यात मी जितकी माणसं पाहिली आहेत, त्याहून जास्त सकाळी पोह्याच्या गाडीभोवती उभी असतात. अपवाद घडतो. जानेवारी २०२५ मध्ये विराट कोहली दिल्लीकडून उतरला तेव्हा कोटलाच्या दारात झुंबड उडाली. पण एरवी रणजी म्हणजे दरवर्षीचा बंद दाराआडचा मोसमच. पंच भारतीय क्रिकेट मंडळाच्या पॅनेलवरून येतात, यजमान संघटना आपले उभे करत नाही. देशात घड्याळ एकच. म्हणजे फुटबॉलमधला सर्वात मोठा भाग, प्रेक्षक आणि त्यांच्यामागून येणारी शिट्टी, इथे जवळजवळ शून्य. आणि तरी घरच्या मैदानाचा फायदा आहे अशी सगळ्या कर्णधारांची खात्री असेल, तर तो खेळपट्टीत आणि तिच्याशी जोडलेल्या नाणेफेकीत असला पाहिजे; थोडाफार प्रवासात.

मग 'आमचे प्रेक्षक आमच्यासमोर हवेत' हा युक्तिवाद गळून पडतो. पण 'तटस्थ मैदान हवं' हाही जिंकत नाही.

मध्य प्रदेशचंच बघा. आपलं एकमेव रणजी जेतेपद २०२१-२२ चं. त्या मोसमात साखळी राजकोटला झाली, बाद फेरी बंगळुरूला, आणि जून २०२२ मध्ये चिन्नास्वामीवर मुंबईला सहा गडी राखून हरवलं. इंदूरला एकही सामना नाही. पुढच्या मोसमात उपांत्य सामना घरी, होळकर स्टेडियमवर, बंगालशी. हरलो, तेही ३०६ धावांनी. त्याच्या पुढच्या मोसमात उपांत्यपूर्व सामना इंदूरला, आंध्रविरुद्ध चार धावांनी जिंकलो, आणि उपांत्य सामना नागपूरला विदर्भाकडून ६२ धावांनी गमावला. यातून कोणीही हवं ते सिद्ध करू शकतो. चार धावांचा विजय पाहून 'घरच्या मैदानाने तारलं' म्हणा, ३०६ पाहून 'घरच्या मैदानाने बुडवलं' म्हणा. पानटपरीवरचे बहुतेक सिद्धान्त याच आकाराच्या पुराव्यावर उभे असतात.

एका संघाचं मोजमाप का होत नाही, ते साध्या हिशेबाने दाखवता येतं. आठ संघांच्या गटात प्रत्येकाचे सात साखळी सामने, म्हणजे घरी तीन किंवा चार. दहा वर्षं थांबलात तर पस्तीस. दोन्ही संघ तुल्यबळ असतील तर पस्तीस सामन्यांत यजमान बाजी मारण्याचं प्रमाण ५० टक्क्यांभोवती, निव्वळ नशिबाने, सुमारे साडेआठ टक्के इकडेतिकडे डोलतं. सतरा टक्क्यांपर्यंत डोललं तरी भुवया उंचावू नयेत. खरा फायदा पाच टक्क्यांचा असेल, तर तो या डोलण्यात कुठे दिसणार? त्याच्यासाठी चारशेच्या आसपास सामने लागतात. तेव्हा 'मध्य प्रदेशचा घरचा फायदा' किंवा 'बडोद्याचा घरचा फायदा' असं काही मोजताच येत नाही. मोजता येतो तो रणजीचा. बत्तीस एलिट संघ, आठ-आठांचे चार गट, मोसमाला ११२ साखळी सामने. चार मोसम जमवले की चारशेचा आकडा ओलांडला.

मोजायचं काय, हेही आधी ठरवावं लागतं. रणजीत बरेच सामने अनिर्णित राहतात, तेव्हा विजय मोजले तर निम्मा माल फुकट जातो. मी पहिल्या डावाची आघाडी मोजतो. ती बहुतेक प्रत्येक सामन्यात कोणाला तरी मिळते, अनिर्णित सामन्यात तिलाच तीन गुण असतात, आणि शेवटच्या दिवशी धावांचा पाठलाग करावा की नाही या डावपेचांचा तिला संसर्ग होत नाही. चारच रकाने लागतात: यजमान कोण, नाणेफेक कोणी जिंकली, आघाडी कोणाला, आणि यजमान संघ याआधीचा सामना कुठे खेळला होता.

चौथा रकाना बेसबॉलवाल्यांची देणगी आहे. तीनेक दिवसांच्या अंतराने चार-चार दिवसांचे सामने होत असताना यजमान संघ कधी आधीपासून घरी असतो, तर कधी कालपरवा गुवाहाटीहून परतलेला असतो. मैदान तेच, खेळपट्टी बनवणारा माणूस तोच, फक्त यजमानही थकलेला. या दोन प्रकारच्या सामन्यांत यजमानाच्या आघाडीचं प्रमाण सारखंच निघालं, तर प्रवासाचा वाटा नगण्य. थकलेल्या यजमानाचं घसरलं, तर जेवढं घसरलं तेवढा प्रवासाचा. नुसतं अंतर मोजून हे साधत नाही. लांबून आलेला संघ वेगळ्या हवेतून आणि वेगळ्या मातीतूनही आलेला असतो, आणि तिथे प्रवास व अनोळखीपणा पुन्हा एकमेकांच्या गळ्यात गळा घालतात.

अजून एक अडचण राहते. रणजीत परतीचा सामना नसतो. बडोदा इंदूरला आला म्हणजे त्याच मोसमात इंदूर बडोद्याला जाईलच असं नाही. एखाद्या बलवान संघाला कमकुवत पाहुणेच घरी मिळाले, तर घरचा फायदा फुगलेला दिसतो. म्हणून प्रत्येक संघाची ताकद त्याच्या मोसमातल्या इतर सामन्यांवरून आधी ठरवून ती वजा करावी लागते. हे किचकट आहे, पण खातेवही जुळवण्यापेक्षा फार नाही.

आता खेळपट्टीकडे येतो, कारण खरं भांडण तिथेच आहे. मार्च २०२३ ची इंदूर कसोटी आठवा. सामना धर्मशालेहून ऐनवेळी इथे हलवला होता. प्रेक्षक घरचे, माती घरची, नाणेफेकही रोहित शर्माने जिंकली आणि फलंदाजी घेतली. पहिल्याच दिवशी भारत १०९ वर बाद. दुसऱ्या डावात नेथन लायनने आठ बळी घेतले, आपण १६३ वर आटोपलो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ऑस्ट्रेलिया नऊ गडी राखून जिंकला. खेळपट्टीला आधी 'खराब' शेरा आणि तीन दोषगुण मिळाले, मंडळाने दाद मागितल्यावर शेरा सौम्य होऊन एकच दोषगुण उरला. त्या दिवशी स्टेडियमवरून परतताना रिक्षावाल्यासकट सगळ्यांचं एकमत होतं की खेळपट्टी आपल्यावरच उलटली. मला त्यात योगायोगापेक्षा जास्त काही दिसतं. खेळपट्टी जितकी टोकाची, तितकं दोन संघांतलं कौशल्याचं अंतर कमी होतं आणि सामना नशिबाच्या हातात जातो. चार दिवस टिकून खेळण्यात तुम्ही सरस असाल, तर आखाडा बनवून तुम्ही तुमचंच भांडवल जाळता. टोकाच्या खेळपट्टीचा फायदा कमकुवत यजमानाला, आणि तोही नाणेफेक त्याच्या बाजूने पडली तर. तो एक जुगार असतो.

तटस्थ मैदानाचं औषध मंडळाने एकदा घेऊन पाहिलं आहे. २०१६-१७ मध्ये अख्खा रणजी मोसम तटस्थ मैदानांवर झाला. इंदूरने त्याचा अंतिम सामना पाहिला: गुजरातपुढे ३१२ धावांचं लक्ष्य, पार्थिव पटेलच्या १४३, आणि मुंबई हरली. सामना सुंदर होता, पण तो आमचा कोणाचाच नव्हता. पुढच्या मोसमापासून घरचे-बाहेरचे सामने परत आले. तटस्थ मोसमात दोन्ही संघ प्रवास करतात, दोघांनाही माती अनोळखी. अन्याय झाकला जातो हे खरं. पण त्याबरोबर आपल्या मातीवर चांगलं क्रिकेट वाढवण्याची जबाबदारीही कोणाची राहत नाही. शिवाय तटस्थ म्हणजे समसमान नव्हे. २०१७-१८ ची अंतिम लढतही इंदूरलाच झाली, विदर्भ आणि दिल्लीत. नागपूर आम्हाला दिल्लीपेक्षा जवळ, काळी माती त्यांच्या अंगवळणी. विदर्भ जिंकला तो रजनीश गुरबानीच्या हॅट्ट्रिकसह आणि निर्विवाद चांगला खेळून, पण नकाशावर तो सामना मधोमध नव्हता.

माझी मागणी साधी आहे: रणजीचे सामने घरी-बाहेरच राहू द्या, बाद फेरीसुद्धा, आणि नाणेफेकीचा हक्क पाहुण्यांना द्या. आधी फलंदाजी की गोलंदाजी, ते पाहुणा कर्णधार ठरवेल. खेळपट्टी बनवणाऱ्याला हे आधीपासून ठाऊक असेल, तर पहिल्या दिवशी हिरवी आणि चौथ्या दिवशी धुळीची अशी रचना करण्यात त्याला लाभ उरत नाही, कारण चांगली बाजू पाहुणा उचलेल. आपल्या गल्लीत वाघ व्हायचं तर व्हा, पण पहिली उडी पाहुण्याची. ही माझी कल्पना नाही. इंग्लंडच्या काउंटी स्पर्धेत २०१६ ते २०१९ याचं एक रूप होतं: पाहुण्या कर्णधाराने आधी गोलंदाजी मागितली तर ती मिळे, नको म्हणाला तर नाणं उडवलं जाई. आपल्या मंडळाने तर २०२४ मध्ये तेवीस वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धेसाठी नाणेफेकच काढून निवड पाहुण्यांना दिली. त्या स्पर्धेचं नाव सी. के. नायडू करंडक आहे. ज्यांनी होळकरांचं नेतृत्व केलं आणि इंदूरला घर केलं त्यांच्या नावाच्या स्पर्धेत हा नियम आला, हे आमच्या गावाला माहीतही नसावं याचं वाईट वाटतं.

हा नियम माझ्या दृष्टीने न्याय म्हणून जेवढा मोलाचा, तेवढाच मोजपट्टी म्हणून. नायडू करंडकात नियम बदलला, रणजीत बदलला नाही. राज्यं तीच, बरीच मैदानंही तीच. बदलाच्या आधीच्या आणि नंतरच्या मोसमांत यजमानाच्या पहिल्या डावाच्या आघाडीचं प्रमाण दोन्ही स्पर्धांत बाजूबाजूला ठेवा. नायडू करंडकात ते घसरलं आणि रणजीत जागेवर राहिलं, तर घरच्या फायद्याचा तेवढा भाग खेळपट्टी आणि नाण्याच्या संगनमताचा होता. दोन्हीकडे सारखंच राहिलं, तर तो परिचयाचा किंवा प्रवासाचा आहे आणि माझी मागणी निकामी ठरते. यातही एक काटा आहे: मंडळाने त्याच वेळी त्या स्पर्धेची गुणपद्धतही बदलायचं ठरवलं, त्यामुळे पहिल्या डावात संघ खेळतात कसे हेच थोडं बदललं असणार. दोन औषधं एकदम दिली की गुण कशाचा आला ते नेमकं सांगता येत नाही. म्हणून रणजीत हा नियम आणायचा झाला तर एकटा आणावा, दोन मोसम दुसऱ्या कशाला हात लावू नये.

बाळदादांना हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांचा आक्षेप त्यांनी बडोदेकरी शांतपणे मांडला. "अरे, पाहुण्याला निवड दिलीस की यजमान पाटा खेळपट्टी करेल. चार दिवस रटाळ, दोघांचे मिळून हजार-बाराशे रन, आणि आघाडी ज्याच्या नशिबात त्याला."

हा धोका खरा आहे आणि त्यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. अनिर्णित सामन्यांचं प्रमाण वाढलं तर ते पहिल्याच मोसमात दिसेल, म्हणून पाचवा रकाना त्याचा. पण पाट्यावर दोघांनाही सारखंच रडावं लागतं, आणि आत्ताच्या अवस्थेत एकटा पाहुणा रडतो. मला आधी दुसरं थांबवावंसं वाटतं.

"आणि आमचा ७८४?" दादा म्हणाले. "सत्तेचाळीस साली निवड तुम्हाला दिली असती तर वाचला असतात?"

मी स्कोअरबुकच्या नव्या पानावर पाच रकाने आखत होतो. म्हटलं, तो एक सामना आहे दादा, अजून तीनशे नव्व्याण्णव पाहिजेत.